लांब राहिलेला कार्बन

सोलापुरात घरगुती उपकरणे दुरुस्त करण्याच्या माझ्या दुकानात ठिणग्या मारणारा मिक्सर ही रोजचीच गोष्ट आहे. गिऱ्हाईक दारातूनच सांगते, ‘खाली जाळ दिसतो आणि पहिल्यासारखा जोर राहिला नाही,’ आणि दहापैकी सात-आठ वेळा कार्बन ब्रशची, म्हणजे फिरत्या मोटरला घासत वीज पोचवणाऱ्या कार्बनच्या दोन कांड्यांची, जोडी बदलली की काम संपते. त्यामुळे शेंगदाण्याची चटणी करून विकणाऱ्या एका काकूंनी त्यांचा साडेसातशे वॅटचा मिक्सर टेबलावर ठेवला, तेव्हा मीही मनातल्या मनात अर्ध्या तासाचा हिशेब केला होता. त्यांच्या पुढच्या वाक्याने तो चुकला. ‘भाऊ, कार्बन तीन महिन्यांपूर्वीच बदललेत. त्याच्या आधी मूळचे चार वर्षं चालले होते.’

चार वर्षे चाललेली वस्तू तीन महिन्यांत संपते, तेव्हा नवी जोडी बसवून पैसे घेणे म्हणजे पुढच्या तीन महिन्यांची तारीख देणे होय. कार्बन झिजण्यासाठीच असतो, पण तो इतक्या लवकर का झिजला, हे आधी पाहायला हवे होते.

मिक्सर उघडण्यापूर्वी मी तो भांडे न लावता एक नंबरवर जेमतेम चार-पाच सेकंद चालवला आणि खालच्या हवेच्या जाळीतून आत पाहिले. चांगल्या मोटरमध्येही ब्रशच्या कडेला बारीक निळसर ठिणगी दिसते आणि तिची काळजी करायची नसते. इथे मात्र एकाच बाजूला लांब पिवळट जाळ होता, त्याला जळकट तिखट वास होता आणि आवाज मधूनच बसत होता. तरीही एक गोष्ट दिलासा देणारी होती. जाळ ब्रशपाशीच राहत होता, ब्रश ज्याला घासतात त्या तांब्याच्या पट्ट्यांच्या गोल कम्युटेटरभोवती फिरत नव्हता. आगीचे कडे पूर्ण कम्युटेटरभर फिरताना दिसले, मोटर रिकामी असूनही घोंघावत अडखळत चालली आणि मिनिटभरातच तापली, तर आर्मेचरचे, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचे, वाइंडिंग शॉर्ट झाल्याचा संशय घ्यायचा. मग कितीही कार्बन बदलले तरी उपयोग नसतो, आणि आर्मेचरचा खर्च ऐकून बहुतेक लोक नवा मिक्सरच घेतात.

पिन सॉकेटमधून काढून मी मिक्सर पालथा केला. रबरी पायांखालचे स्क्रू काढून तळाची झाकणी उचलली, तेव्हा आत काळ्या भुकटीचा थर होता आणि त्यात दाण्याच्या तेलाचा ओशटपणा मिसळलेला होता. ही भुकटी म्हणजे झिजलेला कार्बन. ती वीज वाहून नेते, म्हणून ती नुसती घाण समजून सोडून देता येत नाही. कार्बन ज्यात बसतो त्या होल्डरपासून मोटरच्या लोखंडापर्यंत तिचा पट्टा तयार झाला, तर बॉडीला करंट उतरू शकतो. काकूंना विचारले, तेव्हा ओल्या हाताने मिक्सरच्या खालच्या स्क्रूला बोट लागले की मुंग्या येतात, असे त्या अगदी सहज म्हणाल्या. ठिणग्यांची तक्रार घेऊन आलेल्या माणसाने ही गोष्ट आपणहून सांगितली नव्हती. तेव्हापासून मी ती प्रत्येकाला विचारतो.

मग दोन्ही होल्डर सोडवून कार्बन बाहेर काढले. नवा कार्बन या मोटरला साधारण १८ मिलिमीटर लांबीचा लागतो. एका बाजूचा निघाला तो ६ मिलिमीटर उरला होता. दुसरा स्प्रिंग काढल्यावरही बाहेर येईना, त्याला मागून चिमट्याने ओढून काढावे लागले, आणि तो मोजला तर १४ मिलिमीटर भरला. दोन्ही एकाच दिवशी बसवले होते, तरी एकाची दोन तृतीयांश लांबी गेली होती आणि दुसरा जवळजवळ नवाच दिसत होता.

अशा वेळी कोणाचेही बोट आखूड कार्बनकडे जाते. मी मात्र लांब कार्बन भिंगाखाली धरला. आखूड कार्बनचे तोंड कम्युटेटरच्या गोलाईप्रमाणे घासले गेलेले आणि बऱ्यापैकी गुळगुळीत होते. लांब कार्बनच्या तोंडाची एक कड खडबडीत, राखेच्या रंगाची आणि खड्डे पडलेली होती. तो घासून झिजत नव्हता, जागच्या जागी जळत होता. त्याच्या चार बाजूंपैकी दोनांवर कानशीचे आडवे ओरखडेही होते, म्हणजे आधीच्या दुरुस्तीत मापाचा कार्बन मिळाला नाही म्हणून मोठा आणून हाताने घासला होता. व्हर्नियर लावून पाहिले, तर पुढच्या टोकाला त्याची जाडी ६ मिलिमीटर आणि मागच्या टोकाला ६.२ मिलिमीटर होती. होल्डरच्या पितळी खोबणीची आतली रुंदी ६.१ होती. मागचे टोक तिच्यात दाबून घातले होते आणि ते तिथेच पाचरीसारखे बसले होते.

पुढे काय झाले असेल, ते आता उलगडत होते. बसवताना स्क्रूड्रायव्हरने रेटल्यामुळे तो कम्युटेटरला टेकला, मिक्सर चालला आणि गिऱ्हाईक समाधानाने घरी गेले. थरथरीमुळे आणि स्प्रिंगच्या जोराने तो पहिले काही मिलिमीटर कसाबसा पुढे सरकला असावा. मग मोटर तापली, भुकटी आणि ओशटपणा खोबणीत साचला, आणि तो अडकला. कम्युटेटर आणि कार्बन यांच्यात केसाएवढी फट पडली, पण मोटरमधला सगळा प्रवाह दोन्ही कार्बनमधूनच जात असल्यामुळे त्याला ती फट ओलांडल्याशिवाय वाट नव्हती. तो ठिणगी होऊन उडत राहिला. विजेचा काही भाग त्या जाळातच खर्ची पडला, मोटरला विजेचा पूर्ण दाब मिळेना, म्हणून जोर कमी झाला. जाळाने कम्युटेटरच्या तांब्याच्या पट्ट्या खरबरीत केल्या आणि त्या खरबरीत तांब्याने मोकळेपणी सरकणाऱ्या समोरच्या निर्दोष कार्बनला कानशीसारखे खाल्ले. रिकामा मिक्सर मिनिटाला अठरा ते वीस हजार फेरे घेतो, त्यामुळे या खाण्याला तीन महिने पुरेसे झाले. जो झिजला तो आपले काम करत होता. लांब राहिलेला कार्बनच दोषी होता.

त्याच बाजूची स्प्रिंगही निळसर पडली होती. तापून निळी झालेली स्प्रिंग हाताला कडक वाटली, तरी तिचा जोर गेलेला असतो. ती दुसरीशेजारी उभी केली, तेव्हा दोन-तीन मिलिमीटर बसकी दिसली.

कम्युटेटर वाचवता येईल का, हा खरा प्रश्न होता. त्याच्या २४ पट्ट्यांवर काळपट चट्टे होते, पण कोणतीही पट्टी सुटलेली किंवा इतरांहून खोल जळालेली नव्हती. एखाद-दुसरीच पट्टी जास्त काळी पडली, तर तिथल्या कॉइलची तार तुटल्याचे समजावे. मल्टीमीटरने शेजारशेजारच्या दोन-दोन पट्ट्या फिरत तपासल्या, सगळीकडे जवळपास सारखाच आकडा आला. पट्टी आणि शाफ्ट यांच्यात वीज जायला मार्ग दिसला नाही. या तपासणीलाही मर्यादा आहे. दोन-चार वेढेच आपसांत शॉर्ट असतील, तर साध्या मीटरला ते कळत नाही, त्यासाठी वाइंडिंगवाल्याकडच्या ग्राउलर नावाच्या तपासणी यंत्रावर आर्मेचर ठेवावे लागते. इथे गोल फिरणारा जाळ नव्हता आणि पट्ट्यांचे आकडे सारखे होते, म्हणून मी तिकडे गेलो नाही.

आर्मेचर हाताने फिरवत झिरो नंबरच्या पॉलिश पेपरने कम्युटेटर घासला. काळा एमरी पेपर मी इथे वापरत नाही, कारण त्याचे कण तांब्यात रुततात, आणि मग नवे कार्बन तेच खात बसतात. पट्ट्यांच्या मधल्या खाचांत कार्बन आणि तांब्याची भुकटी ठासून बसली होती. हॅक्सॉ ब्लेडचे टोक बारीक करून घेतलेले एक हत्यार माझ्याकडे आहे, त्याने एकेक खाच मोकळी केली. हे काम कंटाळवाणे आहे आणि घाई केली तर ब्लेड घसरून तांब्यावर ओरखडा उठतो, पण खाच भरलेली ठेवली तर दोन पट्ट्यांमध्ये ठिणगी उडतच राहते. पितळी खोबणी पेट्रोलच्या बोळ्याने पुसली आणि सगळी भुकटी ब्रश आणि ब्लोअरने बाहेर काढली. ब्लोअर मी दुकानाबाहेर, तोंडाला रुमाल बांधून चालवतो.

नवे कार्बन मी मोटरच्या मापाचेच आणले, त्यासाठी दुपारी बाजारात दोन दुकाने फिरावी लागली. बसवण्याआधी एक साधी परीक्षा केली: कार्बन रिकाम्या होल्डरमध्ये सोडून होल्डर तिरका केला, की तो स्वतःच्या वजनाने घसरत खाली आला पाहिजे. तो अडला तर घासत बसण्यापेक्षा दुसरा घ्यावा, आणि फार डुगडुगला तरीही नको, कारण मग तो तिरका होऊन कडेने झिजतो. स्प्रिंगची जोडीही नवी घेतली. एकच कार्बन किंवा एकच स्प्रिंग बदलली, तर दोन बाजूंचा दाब वेगळा पडतो.

चौकोनी तोंडाचा नवा कार्बन गोल कम्युटेटरला सुरुवातीला एका रेघेवरच टेकतो. म्हणून झिरो पेपरची पट्टी खरखरीत बाजू वर करून कम्युटेटरभोवती लपेटली आणि मोटर ज्या दिशेने फिरते त्याच दिशेने आर्मेचर हाताने पंधरा-वीस वेळा फिरवले. दोन्ही तोंडांवर गोलाई उमटली, तेव्हा पट्टी काढून भुकटी पुन्हा झाडली. झाकणी लावण्याआधी मेगर या इन्सुलेशन तपासायच्या मीटरने पिनेच्या दोन्ही टोकांपासून मोटरच्या लोखंडापर्यंतचे इन्सुलेशन पाहिले. सफाईपूर्वी तिथे सुई शून्याजवळ होती, आता ती पार वर गेली. मुंग्यांचे कारण त्या काळ्या थरातच होते.

पहिली पाच मिनिटे मिक्सर भांडे न लावता एक नंबरवर चालवला. आरंभी थोड्या ठिणग्या दिसल्या, पण तिसऱ्या मिनिटापर्यंत कडेला फक्त बारीक निळी रेघ उरली. मग काकूंनी बरोबर आणलेले भाजलेले दाणे, लसूण आणि तिखट भांड्यात घातले आणि स्वतः बटण फिरवले. आवाज बसला नाही. मी त्यांना एवढेच सांगितले, की त्यांच्या मिक्सरच्या पाटीवर ३० मिनिटांचे रेटिंग लिहिले आहे, म्हणजे पाच मिनिटे चालवून दोन मिनिटे थांबायचे, आणि अशा सहा फेऱ्या झाल्या की मिक्सर पूर्ण गार होऊ द्यायचा. ऑर्डरीच्या दिवशी त्या सलग पाऊण तास दळत असत आणि जादा भार आला की मिक्सर बंद करणारे तळाचे लाल बटण उडाले, की ते लगेच दाबून पुन्हा सुरू करत.

तीन महिने झाल्यावर मी स्वतःच फोन करून त्यांना मिक्सर आणायला सांगितला, कारण माझे निदान मलाही पडताळून पाहायचे होते. दोन्ही कार्बन काढून व्हर्नियरखाली धरले. एक १७.१ मिलिमीटर होता आणि दुसरा १७.०.