अकरा ते चोवीस

रात्री साडेदहाला तात्यांचा फोन आला. "मिस्त्री, लाईन गळाय लागलीया. मधल्या पट्ट्यात चरीत पाणी साचलंय." संध्याकाळी साडेसहाला आम्ही त्यांच्या नव्या पाईपलाईनचं काम संपवून निघालो होतो. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्री दहाला येत होती, आणि ती येताच तात्यांनी मोटर चालू केली होती. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटेना. तासगाव भागात एप्रिलमध्ये खरड छाटणी झालेल्या द्राक्षबागेला पाण्याची किती निकड असते ते मला माहीत आहे. "जोडांचं सोल्युशन कच्चं राहिलं असणार, मोटर बंद करा, सकाळी येतो," एवढंच बोललो.

विहिरीपासून बागेपर्यंत 240 मीटर लाईन. 75 मिलिमीटरचे, सहा किलो दाबाचे, वीस फुटी चाळीस पीव्हीसी पाईप आणि त्यांचे एकोणचाळीस जोड. सकाळी सहाला मी विहिरीकडून जोड मोजत निघालो. पहिले दहा कोरडे होते. अकरावा ओला, बारावाही ओला. चोवीसपर्यंत मोजले तेव्हा चौदातले नऊ गळके निघाले. पंचवीसपासून बागेपर्यंत परत सगळे कोरडे.

रात्री फोनवर बोललेलं माझं निदान तिथंच चुकीचं ठरलं. सोल्युशन कच्चं असतं तर सगळ्यात शेवटी मारलेले जोड आधी सुटले असते. छत्तीस ते एकोणचाळीस हे जोड साडेसहाच्या सुमाराचे, मोटर चालू होताना जेमतेम साडेतीन तासांचे. तरी त्यांना थेंब नव्हता. उन्हाळ्यातली कोरडी हवा आणि दोन किलोच्या आतबाहेर दाब, एवढ्यावर नीट मारलेला जोड तितक्या वेळात धरतो. मी एक रात्र जाऊ देतो ती खात्रीसाठी. थंडीत किंवा पावसाळी दमट हवेत मात्र तेवढा वेळ खरंच लागतो.

मग अकरा ते चोवीसमध्ये वेगळं काय होतं? वेळ. ते जोड साडेअकरा ते साडेतीनमधले. त्या वेळात मी दुसऱ्या गावच्या कामावर गेलो होतो आणि दोन्ही पोरांना "चालू ठेवा" म्हणून सांगून गेलो होतो. ती चूक माझी.

चौदावा जोड कापून बाजूला काढला आणि सॉकेटला, म्हणजे ज्या रुंद तोंडात पाईप बसतो त्याला, लांबीच्या दिशेनं ब्लेडनं दोन चिरा दिल्या. चांगल्या जोडात अशा चिरा दिल्या तरी आतला पाईप सुटत नाही. सॉकेट कुठं संपलं आणि पाईप कुठं सुरू झाला ती रेघही दिसत नाही. इथं स्क्रू ड्रायव्हर घातल्याबरोबर सॉकेटची फाक ढलपीसारखी निघून आली. खाली पाईपवर कंपनीची छापील अक्षरं स्वच्छ वाचता येत होती. ती बघून पुढचं काही विचारायची गरज उरली नाही.

सोल्युशनला लोक गम समजतात. गम दोन वस्तूंच्या मध्ये राहून त्यांना धरून ठेवतो. सोल्युशन म्हणजे उडून जाणाऱ्या द्रावकात विरघळवलेलं पीव्हीसीच. ते पाईपचा वरचा थर आणि सॉकेटचा आतला थर मऊ करतं, दोन्ही मऊ थर दाबाखाली एकमेकांत मिसळतात, आणि द्रावक उडून गेला की तिथं एकसंध पीव्हीसी उरतं. थर मऊ झालाच नाही तर मिसळणार काय? अक्षरं जशीच्या तशी होती, म्हणजे पाईपचा थर मऊ झालाच नव्हता.

उन्हात तासभर पडलेल्या पाईपला हात लावून बघा, चटका बसतो. तसल्या पाईपवर ब्रश फिरवला की द्रावक आत मुरायच्या आधीच उडतो आणि वर साय धरते. सॉकेट आत निमुळतं असतं. कोरडा पाईप अर्ध्यापर्यंत सहज जातो आणि मग अडतो; पुढचा अर्धा ओल्या सोल्युशनवरून घसरत जायचा असतो. साय धरली की पाईप मध्येच थांबतो. चौदाव्यात तो तळापासून दोन बोटं अलीकडे थांबला होता. पोरांनी सॉकेटची खोली मोजून पाईपवर खूण केली नव्हती, त्यामुळं बाहेरून कळायला मार्गच नव्हता.

सतराव्याची गत निराळी. दुपारी वारा सुटला, काळी माती उडायला लागली, म्हणून थोरल्यानं फडकं भिजवून पाईप पुसले. हेतू चांगला होता, पण ओल राहिली तिथं सोल्युशन धरत नाही. सॉकेटच्या आत मातीची एक पातळ ओली रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, आणि पाणी त्याच वाटेनं बाहेर पडलं होतं. शिवाय डबा सकाळपासून उघडा. सोल्युशन जेलीसारखं दाट झालं, तर पोरांनी सॉकेटमध्येच भरपूर थापलं. पाईप आत जाताना त्यानं ते पुढं ढकललं आणि तळाशी त्याचं थारोळं झालं. तिथं पाईपला नख लावलं तर दुसऱ्या दिवशीही उमटत होतं. असा जोड आज गळत नसला तरी त्याच जागी पाईप पुढंमागं फुटतो.

हे कमजोर जोड रात्री ताणले कसे गेले, तेही समजून घ्यायला हवं. तापलेला पाईप लांब होतो. दुपारी 55 अंशांच्या आसपास असलेल्या पाईपात रात्री 27 अंशांचं विहिरीचं पाणी आलं, तर मीटरला दोन मिलिमीटर आकसतो. चौदा पाईपांच्या 84 मीटरात हे सोळा सेंटीमीटरांच्या वर जातं. चर सरळ आखलेली, पाईप ताठ. ती सगळी ओढ जोडांवर आली.

तात्यांनी विचारलं, "वरनं सोल्युशन फासून, कापड गुंडाळून चालंल का?" चालत नाही. पाणी आतल्या फटीतून येतं, वरचा लेप तिथं पोचत नाही. गळके नऊच होते, पण मी चौदाही जोड कापले, कारण उरलेले पाचही त्याच उन्हात मारलेले. कपलरचा आणि तुकड्यांचा खर्च माझ्याकडं.

त्या दिवशी फक्त कापाकापी केली आणि पाईपांवर पाचट टाकून ठेवलं. जोडणी दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला, पाईप हाताला गार लागत असताना. काटकोनात कापलेलं तोंड कानशीनं आतबाहेर साफ केलं आणि बाहेरच्या कडेला थोडा उतार दिला. धारदार कड सॉकेटमधलं सोल्युशन खरवडून पुढं नेते. मग पॉलिश पेपर मारून चकाकी घालवली आणि कोरड्या फडक्यानं पुसलं. खोलीची खूण केली. नवा डबा, आणि दर जोडाला झाकण बंद. सॉकेटला पातळ हात, पाईपला भरगच्च, आणि लगेच पाव फेरा देत खुणेपर्यंत आत. धाकट्याला म्हटलं, "सोडू नको, साठपर्यंत मोज." निमुळतं सॉकेट पाईपला मागं ढकलतं; हात लवकर काढला की तो हळूच सरकतो. कडेला गोल वळी सगळीकडून सारखी आली का ते बघून जादाचं पुसून घेतलं.

साडेनऊला शेवटचा जोड झाला. पाईप चरीत किंचित नागमोडी बसवले, मध्यावर माती ओढली, जोड उघडे ठेवले. त्या रात्री लाईट आली तरी तात्यांनी स्टार्टरला हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री दहाला बागेकडचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडून, विहिरीकडचा थोडा थोडा उघडत लाईन भरली. आधी हवा फुसफुसत निघाली, मग पाणी आलं. बॅटरी घेऊन मी आणि थोरला अकरापासून चोवीसपर्यंत दोन वेळा फिरलो. तो प्रत्येक जोडाखाली तळहात धरून बघत होता आणि आकडा मोठ्यानं म्हणत होता. चोवीसला त्यानं हात पँटीला पुसला नाही, मला दाखवला. कोरडा होता.