मेथीदाण्याच्या डब्यातला चिवडा

आमच्याकडे पाहुण्यांसाठीचा चिवडा "मेथीदाणे" असं लेबल लावलेल्या डब्यात असतो. कारण सरळ आहे, "चिवडा" लिहिलेला डबा चार दिवसात रिकामा होतो आणि पाहुणे पाचव्या दिवशी येतात. मेथीदाण्याच्या वाटेला मात्र घरातलं कुणी जात नाही.

अचानक येणाऱ्या पाहुण्यांची तयारी म्हणजे भरपूर खाऊ आणून ठेवणं, असं मला लग्नानंतर बरीच वर्षं वाटायचं. मोठाले बिस्किटांचे पुडे, फरसाण, दोन प्रकारची शेव असं सगळं आणायचं. मग कुणीतरी यायचं, पुडा फोडायचा, चार बिस्किटं जायची आणि उरलेली आठवड्याने मऊ पडून आम्हीच चहात बुडवून संपवायचो. हळूहळू कळलं की खरं भांडण दमटपणाशी आहे. आता बिस्किटांचे छोटेच पुडे आणते, एका वेळी एक फुटतो आणि संपतो. चिवडा डब्यात भरण्याआधी परातीत पसरून पूर्ण गार करते, अगदी हात लावून बघते, कारण कोमट असताना झाकण लावलं की आत वाफ धरते आणि कितीही कुरकुरीत केलेला असला तरी तो सादळतोच. सादळला तर टाकून द्यायचं कारण नाही, कढईत मंद गॅसवर पाचेक मिनिटं हलवायचा आणि परत गार होऊ द्यायचा. गरम असताना मऊच लागतो म्हणून घाबरून जास्त भाजत बसलं की दाणे करपतात, हे मी दोनदा केलंय. आणि वास मात्र घ्यायचा, दाण्यांना किंवा खोबऱ्याला खवट वास आला असेल तर तो भाजून जात नाही, तिथे माया दाखवायची नाही.

दुसरा डबा उपम्याच्या रव्याचा. हा माझा खरा जीव. दोन वाट्या जाडा रवा, तीन चमचे तेल, मोहरी, हिंग, चमचा चमचा उडीद डाळ आणि हरभरा डाळ, तीन-चार सुक्या लाल मिरच्या, कढीपत्ता. डाळी लालसर झाल्या की कढीपत्ता घालायचा आणि तो बोटात चुरला जाईल इतका कडक होऊ द्यायचा. यात घाई केली की सगळं बिघडतं, पानात ओल राहिली तर पंधरा दिवसात डबा उघडल्यावर कोंदट वास येतो. मग रवा घालून खमंग वास सुटेपर्यंत मंद गॅसवर भाजायचा, मीठ घालायचं, गार करायचं, भरायचं. कांदा, हिरवी मिरची, आलं यातलं काही नाही, ते सगळं ओलं. माझ्याकडे हा महिनाभर छान राहतो. पाहुणे आले की एका वाटीला अडीच वाट्या उकळतं पाणी, ढवळायचं, झाकण ठेवून पाच मिनिटं वाफ, वरून लिंबू. बाहेरच्या खोलीत "बसा बसा, पाणी घ्या" होईपर्यंत उपमा तयार.

तर गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी साडेसहाला माझा मावसभाऊ, वहिनी आणि त्यांची दोन मुलं दारात. "फक्त चहा हं, जेवायला अजिबात थांबणार नाही," असं वहिनी चपला काढतानाच म्हणाल्या. घरात दूध जेमतेम एक कप, कारण दुपारी खीर झाली होती. दुधाची पावडर असते माझ्याकडे, पण ती थेट उकळत्या चहात टाकली की तिच्या गुठळ्या होतात आणि गाळणीत पांढरे गोळे बसतात. एक वाटी पाण्याला साधारण दोन मोठे चमचे पावडर, आधी थोड्या गार पाण्यात दाट कालवायची, मग उरलेलं पाणी, मग चहात. खऱ्या दुधात मिसळली की कुणाला पत्ताही लागत नाही. वहिनींनी दुसरा कप मागितला म्हणजे लागला नाहीच.

उपमा झाला, मेथीदाण्यातून चिवडा निघाला (नवऱ्याचा चेहरा बघण्यासारखा होता) आणि आठ वाजता असा पाऊस कोसळायला लागला की दादाच म्हणाला, "आता थांबतोच गं, पण तू काही करत बसू नकोस." आता काही न करता सात माणसं जेवणार कशी? अशा वेळेला माझं एकच जेवण ठरलेलं आहे, पिठलं-भात. आधी मी दोन भाज्या, कोशिंबीर, पोळ्या असं सगळं घ्यायचे आणि दहा वाजता सगळे पेंगत जेवायचे. डाळ-तांदळाची खिचडी पण होते पटकन, पण लहान मुलं "आजारी आहे का कुणी?" असं विचारतात.

भात आधी लावायचा. आमटीच्या वाटीने चार वाट्या तांदूळ, आठ वाट्या पाणी, तीन शिट्ट्या, आणि कुकर आपोआप गार होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. तोवर पिठलं. पावणेदोन वाट्या बेसन, त्याला पाच-सव्वापाच वाट्या पाणी, म्हणजे ढोबळ तिप्पट. इथेही पावडरीचाच नियम, पीठ गार पाण्यात आधी कालवून घ्यायचं. काहीजण उकळत्या पाण्यात पीठ पेरतात, ते सवयीच्या हाताला छान जमतं, पण बाहेर गप्पा चालल्यात, मधेच कुणीतरी "टॉवेल कुठेय?" विचारतंय, अशा वेळी पेरायला जाऊ नये. फोडणीत मोहरी, जिरं, हिंग, हळद, भरपूर ठेचलेला लसूण, मिरच्या आणि कांदा. कांदा त्या दिवशी एकच निघाला, म्हणून अर्धा फोडणीत आणि अर्धा कच्चा ताटात. कांदा मऊ झाला की कालवलेलं पीठ ओतायचं, मीठ घालायचं आणि दाटायला लागेपर्यंत ढवळणं सोडायचं नाही, मग गॅस बारीक करून झाकण.

लोक फसतात ते इथे. पिठलं दाट झालं म्हणजे शिजलं असं नाही, दाट ते दोन-तीन मिनिटातच होतं पण पीठ कच्चं असतं, जिभेला चिकट लागतं आणि रात्री पोट कुरकुरतं. झाकणाखाली सात-आठ मिनिटं वाफ द्यायची, मधे ढवळायचं. कच्च्या पिठाचा वास जाऊन लसणाचा वास पुढे आला, वर तकाकी दिसली आणि फदफद आवाज यायला लागला की झालं. बाजूला आधणाचं पाणी तयार हवंच, कारण पिठलं ताटात जाईपर्यंत घट्ट होत जातं आणि त्यात गार पाणी ओतलं की चव पांचट होते.

पापड भाजले, लोणचं काढलं, पावणेनऊला पानं घेतली. मोठ्या भाच्याने कढईच्या तळाची खरवड मागून घेतली, त्यावरून धाकट्याशी भांडण झालं, शेवटी उलथन्याने मोजून वाटणी केली.

दुसऱ्या दिवशी परत रवा भाजायला घेतला, संपलेलं त्याच आठवड्यात भरलं नाही तर ते राहतंच. चिवड्याला मात्र आता नवीन जागा शोधावी लागली. कुठली ते इथे लिहीत नाही, नवरा वाचतो माझं सगळं.