एकाच व्हॅटमधल्या दोन चकत्या

पाचगणीच्या बाजूला आमचं छोटं चीज युनिट आहे; तिथे आम्ही पांढऱ्या सालीचं मऊ कॅमेम्बेर चीज बनवतो. जुलैमधल्या एका सकाळी एका हॉटेलच्या शेफचा फोन आला. "ताई, तुमच्या कॅमेम्बेरची साल सुटतेय. सुरी लावली की सालीखालून पातळ ओघळतं आणि मधोमध मात्र खडूसारखं कोरडं!"

त्याच लॉटच्या चकत्या आमच्या पक्वन खोलीत होत्या. वरच्या फळीवरची एक आणि खालच्या फळीवरची एक काढून दोन्ही आडव्या कापल्या. वरची उत्तम होती: सालीपासून आतपर्यंत लोण्यागत मऊ, मध्यावर फक्त एक पातळ पांढरी रेघ. खालची मात्र शेफने सांगितली होती अगदी तशीच, आणि वर अमोनियाचा उग्र वास.

सगळ्यांचा पहिला संशय रेनेटवर, म्हणजे दूध गोठवणाऱ्या विकरावर गेला. पण दोन्ही चकत्या एकाच व्हॅटमधल्या, म्हणजे दुधाच्या एकाच मोठ्या भांड्यातल्या. दूध एक, आम्ल करणाऱ्या जिवाणूंचं कल्चर एक, ३२ अंशांवर घातलेलं बुरशीजन्य रेनेट एक, आणि गोठलेल्या दुधाचं कर्ड साच्यांत भरलेलंही एकाच बैठकीत. त्यातलं काही बिघडलं असतं तर दोन्ही बिघडल्या असत्या. म्हणजे जे काही झालं ते साचे भरल्यानंतर.

मी पीएच मीटर आणला. चांगल्या चकतीत सालीखाली ६.८ आणि मध्याला ५.५. वाईट चकतीत सालीखाली ७.२ आणि मध्याला ४.६! कॅमेम्बेर हे बाहेरून आत पिकणारं चीज. वरची पांढरी बुरशी, म्हणजे पेनिसिलियम कॅमेम्बर्टी, आत शिरत नाही. तिची पाचक विकरंही सालीखाली फार खोल जात नाहीत. बुरशी पृष्ठभागावरचं लॅक्टिक आम्ल खाते आणि प्रथिनं फोडताना अमोनिया सोडते. त्यामुळे बाहेरचा आंबटपणा कमी होतो, मग आतलं आम्ल बाहेरच्या दिशेने सरकतं, कॅल्शियम आणि फॉस्फेटही सालीकडे ओढले जातात, आणि आतला पीएच हळूहळू चढतो. कर्डमध्ये उरलेल्या रेनेटने केसिन या दुधातल्या प्रथिनाचं जाळं आधीच पोखरलेलं असतं; पीएच चढला की ते जाळं सैल पडतं आणि खडू मऊ होतो. आतल्या मऊपणाला रेनेट आणि आम्लाचं हे जाणं, दोन्ही लागतात. चवीचा मोठा भाग, तो मश्रूमसारखा गंध, बुरशीच्या चरबी फोडण्यातून येतो.

खालच्या चकतीत मध्याचा पीएच चढलाच नव्हता, कारण तिथे आम्लाचा साठा जास्त होता. आणि साठा जास्त असण्याचं एक साधं कारण असू शकतं: निवळी, म्हणजे कर्डमधून सुटणारं पाणी, नीट निथळली नाही, तर तिच्यासोबत साखरही आत राहते आणि कल्चर तिचं पुढे आम्ल करत बसतं. शिवाय पाणी जास्त असेल, तर सालीखालचा मऊ थर नुसता मऊ राहत नाही, ओघळतो.

मग काटा काढला. आमची चकती साधारण २५० ग्रॅमची असते. वरच्या फळीवरच्या त्याच्या आसपास भरल्या, खालच्या फळीवरच्या २७० च्या घरात! साचे उलटण्याचं काम करणारा मुलगा लगेच म्हणाला, "ताई, खिडकीकडच्या टेबलाच्या साच्यांतून निवळी कमीच पडत होती. त्या चकत्या सगळ्या खाली लावल्या होत्या."

निथळण्याच्या पहिल्या काही तासांत खोली २६ ते २८ अंश हवी. तेवढ्या उबेत कल्चर जोरात आम्ल करतं, कर्ड आकसतं आणि निवळी सुटते. पावसाळ्यात आमच्याकडे रात्री पारा बराच उतरतो, आणि त्या खिडकीची फट थेट टेबलावर वारा आणत होती. थंड पडलेल्या कर्डने निवळी धरून ठेवली. खोलीतला थर्मामीटर दारापाशी असल्याने त्याला यातलं काहीच दिसलं नव्हतं.

फट बुजवली, टेबलाजवळ दुसरा थर्मामीटर टांगला, शेजारी हीटर ठेवला. मीठ लावण्याआधी प्रत्येक साच्याची चकती तोलायची पद्धत त्याच दिवशी सुरू केली. जड भरली तर ती १४ अंशांवर, ८० ते ८५ टक्के आर्द्रतेत आणखी सुकवायची, मगच पक्वन खोलीत न्यायची. पक्वन खोलीची ९०-९५ टक्के आर्द्रता बुरशीला हवीच असते. ओली चकती तिथे गेली की पुढे सुकत नाही.

खालच्या फळीवरचा माल मात्र विकायचा नाही असं ठरवलं. काहींचं म्हणणं होतं की चव तशी बरी आहे, कमी दरात देऊ. मी नाही म्हटलं. सात पीएच आणि भरपूर ओल अशा सालीवर लिस्टेरिया हा घातक जंतू शीतकपाटातही वाढू शकतो. पाश्चराइज्ड दूध वापरलं तरी तो जंतू नंतर टेबलावरून, हातांवरून येऊ शकतो. शेफला त्या लॉटचं राहिलेलं परत पाठवायला सांगितलं आणि बदली वरच्या फळीवरच्या चकत्या, आमच्यासमोर कापून तपासलेल्या एकीसह, त्याच संध्याकाळी रवाना केल्या.