पैसे नेमके कुठे आहेत?

यूपीआय ॲप चालवणाऱ्या एका कंपनीने खान्देशासाठी ब्रँड आखायचं काम मला दिलं, तेव्हा त्यांची टॅगलाइन आधीच ठरलेली होती : ‘झटपट आणि सुरक्षित’. ग्राहक म्हणून डोळ्यांसमोर होत्या रावेर-यावलकडच्या केळीच्या बागांतल्या मजूर बायका, आठवडे बाजारातले भाजीवाले, म्हणजे ज्यांनी आजवर फोनवरून एक रुपयाही पाठवलेला नाही अशी माणसं. मी मूळचा जळगावचा असल्याने हे दोन शब्द तिथे चालणार नाहीत, असं पहिल्या दिवसापासून वाटत होतं. आमच्या जिल्ह्याने पतसंस्था बुडताना पाहिल्यात. ‘सुरक्षित’ त्यांच्याही पाटीवर लिहिलेलं होतं.

बाजारात बसून बोलत गेलो, तेव्हा चोरीच्या भीतीपेक्षा वेगळाच प्रश्न पुन्हा पुन्हा आला. वांगी विकणाऱ्या एका मावशींनी तर थेटच विचारलं, “तुमची कंपनी बुडनी तर मना पैसा कथा ग्यात?” त्या ॲपला पतसंस्था समजत होत्या. यूपीआयमध्ये पैसा ॲपकडे साठतच नाही, तो एका बँक खात्यातून निघून थेट दुसऱ्या बँक खात्यात जातो. जाहिरातीत हे कोणी सांगत नाही, कारण प्रत्येक कंपनीला आपलं नाव मोठं दिसायला हवं असतं.

म्हणून मी प्रस्ताव उलटा मांडला : पैसे तुमच्या बँकेतच असतात, आम्ही फक्त ते पोचवतो. पहिल्या स्क्रीनवर बँकेचं नाव आणि खात्याचे शेवटचे चार आकडे ठळक, आमचा लोगो त्याखाली लहान. मार्केटिंगवाल्यांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते.

पण अशा वचनाची परीक्षा व्यवहार अडकतो तेव्हा होते. एक ताई मुलाला हॉस्टेलच्या खर्चासाठी १५०० रुपये पाठवत होत्या. खात्यातून पैसे कापल्याचा मेसेज आला, मुलाला मात्र मिळाले नाहीत, आणि ॲपवर एक पिवळं वर्तुळ फिरत राहिलं : ‘व्यवहार प्रक्रियेत आहे’. अशा वेळी नवीन माणूस दोन गोष्टी करतो. एकतर पुन्हा पाठवतो आणि दोनदा पैसे जातात. नाहीतर शेजारच्या पोराला इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला सांगतो. तिथे भामट्यांनी टाकलेले खोटे नंबर असतात. तो नंबर लागला, तर खरी फसवणूक तिथून सुरू होते.

आम्ही ती स्क्रीन नव्याने लिहिली : “१५०० रुपये तुमच्या खात्यातून निघालेत. मुलाच्या बँकेचं उत्तर अजून आलेलं नाही. पुन्हा पाठवू नका. त्याला मिळाले नाहीत, तर नियमाप्रमाणे उद्यापर्यंत तुमच्या खात्यात परत यायला हवेत.” खाली बटण एकच, ‘हे मराठीत ऐका’, आणि तक्रारीची सोय तिथेच, म्हणजे नंबर शोधायला बाहेर जावं लागू नये.

‘उद्यापर्यंत’ या शब्दावर कायदा विभाग अडून बसला. पैसे परत बँक करते, मग आपण शब्द कसा द्यायचा? मुद्दा रास्त होता. पण रिझर्व्ह बँकेचं २०१९चं परिपत्रक आहे : एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पाठवलेले पैसे पोचले नाहीत, तर व्यवहाराच्या दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे उशीर झाला तर दिवसाला १०० रुपये भरपाई. (दुकानदाराला दिलेल्या पैशांसाठी ही मुदत पाच दिवसांची आहे, त्यामुळे तिथली स्क्रीन वेगळी लिहावी लागली.) शेवटी ‘नियमाप्रमाणे’ हा शब्द त्यांच्यासाठी राहिला. आमच्या नावावर आम्ही वेगळं वचन घेतलं : पैसे पोचले किंवा परत आले की आम्ही कळवू, मेसेजने आणि मराठी आवाजातल्या फोनने. ते पाळणं आमच्या हातात होतं. मात्र या फोनवर पिन किंवा ओटीपी कधीच विचारायचा नाही, हे त्या वचनाबरोबरच लिहून घेतलं.

स्क्रीन जमली की नाही हे तपासायला ‘आवडली का?’ असं विचारून उपयोग नसतो, आपल्याकडे पाहुण्याला कोणी नाही म्हणत नाही. आम्ही फोन हातात द्यायचो आणि विचारायचो, “आता पैसे कुठे आहेत? तुम्ही काय कराल?” ‘ॲपमध्ये’ किंवा ‘परत पाठवीन’ असं उत्तर आलं की मजकूर बदलायचा. ‘दोन बँकांच्या मधे अडकलेत, थांबते’ असं बाया स्वतःच्या शब्दांत सांगू लागल्या, तेव्हा तो कायम केला.

सगळ्यात जास्त वाद स्क्रॅच कार्डवर झाला. ‘तुम्ही बक्षीस जिंकलात’ ही भामट्यांचीही लाडकी ओळ आहे, मग आपण तीच बोली बोलायची आणि वर सावध राहा म्हणायचं? पहिल्या दहा व्यवहारांपर्यंत बक्षिसं बंद, एवढ्यावर तडजोड झाली. त्या जागी आता एकच वाक्य येतं : पैसे घ्यायला पिन लागत नाही. बक्षिसांचं बजेट कापून दुकानांत लावायची कार्डं छापली आणि त्यांवर सायबर तक्रारीचा सरकारी नंबर १९३० आमच्या नंबराच्या वर घेतला. त्यावर मुंबईहून अजून अधूनमधून फोन येतो, लोगो जरा मोठा करता येईल का म्हणून.