मंजूर रक्कम अडते कुठे?

इंदूरच्या एका कॉलेजात शिष्यवृत्तीचं टेबल माझ्याकडे आहे. बी.एस्सी. दुसऱ्या वर्षाच्या एका मुलीला अनुसूचित जातीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मंजूर झाली होती, एकूण 20,000 रुपये. खात्यात आले 8,000. वडिलांनी अर्ज लिहून आणला होता: ‘शिष्यवृत्ती लवकर मंजूर करावी.’ मंजुरी तर कधीच झाली होती! असा अर्ज गेला की बाबू ‘प्रकरण मंजूर आहे’ असा शेरा मारून मोकळा होतो, आणि त्याचंही काही चूक नसतं.

आकडे पाहताच अंदाज आला. या योजनेत 40 टक्के वाटा राज्याचा, 60 टक्के केंद्राचा. राज्याचा वाटा आधी जमा होतो, मग केंद्राचा थेट विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात. म्हणजे अडकले होते ते केंद्राचे 12,000.

सरकारी पेमेंटचा माग दाखवणाऱ्या पीएफएमएस पोर्टलवर पेमेंट पाहिलं तर ते अयशस्वी, कारण ‘खातं बंद’. मुलीचं पासबुक तर चालू होतं. विचारलं तेव्हा कळलं, मधल्या काळात इंटर्नशिपसाठी तिने दुसऱ्या बँकेत खातं काढलं होतं आणि काम संपल्यावर बंदही केलं. खातं काढताना फॉर्मवर आधार जोडण्याच्या संमतीची खूण केलेली. एका आधारवर सरकारी पैसे घेणारी बँक एकच राहते, शेवटी जोडलेली. अर्जात खाते क्रमांक कोणताही लिहा, पैसे तिकडेच जातात. कोणती बँक जोडलेली आहे ते आधारच्या वेबसाइटवर ‘बँक सीडिंग स्टेटस’मध्ये दिसतं, तिथे ती बंद खात्याचीच बँक होती.

म्हणून अर्ज आधी नाही, बँक आधी. जुन्या, चालू खात्याच्या शाखेत डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी, आधार जोडण्याचा फॉर्म भरला. ‘आधार लिंक आहे’ एवढं बँकेने सांगितलं तर ते पुरत नाही. केवायसीला आधार दिलेला असतो, त्याचा या जोडणीशी संबंध नाही. स्टेटसवर ही चालू खात्याची बँक दिसल्यावर त्या पानाचा प्रिंट घेतला.

मग जिल्हा कार्यालयातल्या सहायक आयुक्तांच्या नावे हिंदीत नवा अर्ज. विषयातच ‘अयशस्वी भुगतान पुनः जारी करने बाबत’. खाली अर्ज क्रमांक, मध्य प्रदेश सरकारचा समग्र आयडी, शैक्षणिक वर्ष, स्वीकृती आदेशाचा क्रमांक व तारीख, आदेशाच्या यादीतला मुलीचा अनुक्रमांक, मिळालेले 8,000 व त्यांची तारीख, बाकी 12,000, अयशस्वी होण्याचं कारण. यादीतला अनुक्रमांक बहुतेक जण सोडून देतात. शेकडो नावांच्या आदेशात बाबू मग शोधत बसतो, किंवा बसतच नाही. सोबत आदेशाचं ते पान, पासबुकाचं पहिलं पान, सीडिंगचा प्रिंट. पूर्ण आधार क्रमांक लिहिला नाही, शेवटचे चार आकडे पुरतात.

केंद्राचा वाटा जिल्हा कार्यालय स्वतः देत नाही, ते प्रकरण फक्त वर पाठवतं. म्हणून आवक क्रमांक घेताना तिथेच विचारून ठेवलं की ते वर कोणत्या पत्राने जाणार.