आमची वाटचाल : फर्म एक झाली, जुने नंबर दोन्ही चालू

२००६ साली मी डोंबिवलीत एका लिफ्टवाल्यांकडे हेल्पर म्हणून लागलो. २०१२ मध्ये स्वतःचं काम सुरू केलं आणि हळूहळू सत्तर लिफ्टची देखभाल आमच्याकडे आली. कल्याणचे दादा माझ्याही आधीपासून या धंद्यात. त्यांच्याकडे शेहेचाळीस लिफ्ट होत्या, सोबत दोन मेकॅनिक आणि ते स्वतः. गुडघे दुखायला लागल्यावर सहा-सात मजले चढून मशीन रूममध्ये जाणं त्यांना जमेना. गिऱ्हाईक वाऱ्यावर सोडायचं नाही म्हणून त्यांनी मला विचारलं, आणि गेल्या वर्षी १ ऑक्टोबरला आम्ही दोघांनी भागीदारी फर्म केली.

माझा समज होता की कागदपत्रांत वेळ जाईल. ती कामं सीएंनी पंधरा दिवसांत उरकली. खरा वेळ गेला तो एकशे सोळा लिफ्टच्या लोकांना तीन प्रश्नांची उत्तरं देण्यात. आमचा मेकॅनिक तोच राहणार का? लिफ्ट अडकली तर फोन कुणाला करायचा? आणि पैसे वाढणार का?

मेकॅनिकचा प्रश्न सोपा होता. ज्या बिल्डिंगला जो जातो तोच जाईल, असं आम्ही लिहून दिलं आणि ते पाळलं. फक्त पहिले दोन महिने दर सर्व्हिसिंगला दोन्हीकडचा एकेक माणूस जोडीने पाठवला. दादांच्या बऱ्याच लिफ्टचे कंट्रोलर जुने, रिलेवाले. माझी मुलं ड्राइव्हच्या पॅनलवर वाढलेली. दादांचा मेकॅनिक सुट्टीवर गेला तर जाणाऱ्याला तो पॅनल आधी बघितलेला असायला हवा.

नंबरच्या बाबतीत मात्र आमच्याकडून चूक झाली. दादांचा नंबर केबिनमधल्या स्टिकरवर, वॉचमनच्या वहीत आणि सेक्रेटरींच्या मोबाइलमध्ये ‘लिफ्टवाले कल्याण’ म्हणून वर्षानुवर्षं बसलेला. आम्ही तो चालूच ठेवला, आणि दादांनी उचलला नाही तर कॉल ऑफिसला यावा असं फॉरवर्डिंग लावलं. दुसऱ्याच आठवड्यात एक आजी दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकल्या. वॉचमन दादांना फोन करत होता, दादा दुसऱ्या कॉलवर होते. आमचं फॉरवर्डिंग फक्त फोन न उचलल्यावर चालणारं होतं. फोन बिझी असला तर कॉल आमच्याकडे वळतच नव्हता. आजींना बाहेर काढेपर्यंत चाळीस मिनिटं गेली. घाम पुसत त्या माझ्याशी शांतपणे बोलल्या, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

त्याच संध्याकाळी दादांच्या फोनवरचे सगळे कॉल थेट ऑफिसच्या नंबरवर वळवले, आणि ऑफिसचा फोन बिझी असेल तर तिथून माझ्या मोबाइलवर. दादांच्या फोनवरून *#21# डायल केलं की सगळे कॉल वळतात की नाही ते कळतं, आणि ऑफिसच्या मोबाइलवरून *#67# केलं की बिझी असताना कुठे जातात ते. आता दर सोमवारी हे तपासतो. शिवाय प्रत्येक बिल्डिंगला जाऊन केबिनमध्ये उभं राहून स्टिकरवरचा नंबर लावून बघितला. तेव्हा तीन ठिकाणी असं निघालं की केबिनमध्ये नेटवर्कच नाही, तिथे बेल आणि वॉचमनवरच भिस्त. त्या तीन वॉचमनना आम्ही वेगळं बसवून सांगितलं की दरवाजा ओढायचा नाही, आधी आतल्या माणसाशी बोलत राहायचं आणि दुसऱ्या कुणाकडून आम्हाला फोन लावून घ्यायचा. जुना स्टिकर कुठेच काढला नाही, नवा त्याच्या खाली लावला.

पैशाचा प्रश्न सगळ्यात नाजूक. ‘दर तोच राहील’ म्हणणं सोपं, पण दादांच्या गिऱ्हाइकांसाठी ते अर्धंच खरं ठरलं असतं. दादांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत, म्हणून त्यांना जीएसटी नोंदणी नव्हती आणि त्यांच्या बिलावर कर नसायचा. नवी फर्म नोंदणीकृत. देखभालीच्या कामावर १८ टक्के कर लागतो, आणि बहुतेक लहान सोसायट्या स्वतः जीएसटीत नसल्यामुळे तो कर त्यांना परत मिळत नाही. आम्ही एक रुपया न वाढवताही त्यांचं बिल वाढणार होतं.

एका चार मजली सोसायटीचं उदाहरण देतो. दादांचा वर्षाचा दर २२,००० रुपये, दोन हप्त्यांत. पहिला एप्रिलमध्ये दादांना मिळालेला, दुसरा ११,००० चा ऑक्टोबरमध्ये यायचा होता. त्यावर कर लावला असता तर बिल १२,९८० झालं असतं. करार मात्र ११,००० चाच होता. म्हणून आम्ही बिल ११,००० चंच केलं : ९,३२२ आमचे, १,६७८ कराचे. कराचा भार आम्ही सोसला. थोडा भरून निघतो, कारण वायर रोप, ब्रेक लायनर असा माल घेताना भरलेल्या कराचं क्रेडिट आता मिळतं, ते दादांना मिळत नव्हतं. पण सगळा नाही. ही गोष्ट आम्ही भागीदारी ठरवतानाच हिशोबात धरली होती.

मार्चपर्यंतचं असं झालं. पुढच्या वर्षाचा आकडा आम्ही जानेवारीतच लेखी दिला, म्हणजे कमिटीला आपलं बजेट बसवता येईल. त्या सोसायटीला करासह २४,००० सांगितले. पूर्ण कर वर लावला असता तर २५,९६० झाले असते. दोन हजारांची वाढ सेक्रेटरी काकांना आवडली नाही, पण हिशोब समोर मांडल्यावर त्यांनी सही केली.

एक गोष्ट करारात कुठेच नव्हती. दादांची अर्धी बोली तोंडी. एका बिल्डिंगला डोअर रोलर फुकट बदलून द्यायचे. एका ठिकाणी अकराच्या आत लिफ्ट बंद करायची नाही, कारण तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला जायचं असतं. दादा दोन संध्याकाळी माझ्याशेजारी बसले आणि शेहेचाळीस लिफ्टची अशी बोली वहीत उतरवून दिली. दोन फर्म एक होताना ही वही नसती तर आमच्या नकळत पन्नास शब्द मोडले असते.

शेवटी पत्र. ‘आमचं बँक खातं बदललं, यापुढे पैसे इथे भरा’ असा मेसेज फसवणारेही पाठवतात. म्हणून हे मेसेजवर कळवायचं नाही असं ठरवलं. दोन्ही जुन्या लेटरहेडवर दोघांच्या सह्या आणि सोबत नव्या खात्याचा रद्द केलेला चेक, हे घेऊन दादा स्वतः प्रत्येक सोसायटीत गेले, माझ्याकडच्या सोसायट्यांत मी. पत्रात नवा जीएसटी नंबर होता. तो महाराष्ट्रासाठी २७ ने सुरू होतो आणि पुढची दहा अक्षरं फर्मच्या पॅनची असतात, हे सेक्रेटरींना जुळवून दाखवलं. खाली ठळक लिहिलं होतं : शंका आली तर या पत्रावरच्या नव्या नंबरवर नको, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवरच फोन करून खात्री करा. अकरा जणांनी खरंच केला, आणि प्रत्येक फोन दादांनी किंवा मी स्वतः घेतला.

दादांच्या नंबरचं रिचार्ज आता फर्मच्या महिन्याच्या खर्चात धरलेलं आहे. मध्यंतरी एकाने विचारलं, हा नंबर कधीपर्यंत ठेवणार? शेहेचाळीसपैकी एका जरी केबिनमध्ये जुना स्टिकर आहे, तोपर्यंत.