आमची वाटचाल : शेवटी जुळलेला बीम

दारातून किती माणसं आत गेली आणि किती बाहेर आली हे मोजणारं आमचं यंत्र बाजारात रुळलं आणि एका मोठ्या कंपनीनं हुबेहूब तसंच दिसणारं यंत्र निम्म्या भावात आणलं. चौकटही तशीच: एलईडीपासून समोरच्या रिसीव्हरपर्यंत दारात आडवे जाणारे उजेडाचे दोन झोत, म्हणजे बाहेरच्या अंगाला बीम अ, दहाएक सेंटिमीटर आत बीम ब. माणूस मध्ये आला की बीम तुटतो, सरला की जुळतो. फरक होता तो आतल्या हिशेबात, आणि हिशेब गिऱ्हाइकाला डोळ्यांनी दिसत नाही. ऑर्डरी आटल्या, पगार थकले. ते अजून सलतं.

आम्हाला तारलं एका वाचनालयाच्या ग्रंथपाल मॅडमनी. आमच्या यंत्राबरोबर त्यांनी त्या कंपनीचंही घेतलं होतं, आणि रात्री कुलूप लावताना ते रिकाम्या खोलीत माणसं दाखवायचं. मॅडमनी दोन्ही यंत्रं एकाच दारावर लावायला सांगितली आणि स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कागदावर रेघा ओढत बसल्या. चूक सापडली ती दारात पाऊल टाकून, जागा नाही हे बघून मागे फिरणाऱ्या वाचकापाशी.

त्या कंपनीचा नियम असा: आधी अ तुटला, मग ब तुटला, की माणूस आत. फिरलेल्या वाचकानं अ तोडला, ब तोडला, झाला तो आत. मागे सरताना आधी ब जुळतो, मग अ. नव्यानं काहीच तुटत नाही, म्हणून बाहेर गेल्याची नोंद नाही. असा प्रत्येक जण खोलीत कायमचा राहतो.

आमचं यंत्र दोन्ही बीम पुन्हा जुळेपर्यंत निकालच देत नाही. तुटलेला 1, जुळलेला 0, अ आधी लिहायचा. 00, 10, 11, 01, 00 असा क्रम आला तर आत. नेमका उलटा आला तर बाहेर. 00, 10, 11, 10, 00 आला तर कुणीच नाही, कारण जो आधी तुटला तोच शेवटी जुळला. मॅडमच्या रेघांशी आमचा आकडा जुळला आणि मोठ्या कंपनीच्या यंत्राची रवानगी झाली.

आता न विचारता सांगतो. दोन्ही एलईडी एकाच बाजूला लावू नका; एकाचा उजेड दुसऱ्याच्या रिसीव्हरवर सांडतो आणि तुटलेला बीम जुळलेला भासतो. अ चा एलईडी डावीकडे, ब चा उजवीकडे लावा, आणि ऑसिलोस्कोपवर एकेक बीम हातानं अडवून बघा. आमचा जुना ऑसिलोस्कोप याच कामात झिजलाय. बीम गुडघ्यापाशी ठेवलात तर एकाच माणसाचे दोन पाय दोन माणसं होतात, म्हणून छातीपाशी ठेवा. लहान मुलं त्याखालून निसटतात, ते धरून चाला.

खांद्याला खांदा लावून दोघं शिरले तर मात्र एकच मोजला जातो. त्यावर आमच्याकडेही इलाज नाही. दार दोघांना एकदम जाता येईल एवढं रुंद असेल, तर आम्ही ती ऑर्डर घेत नाही. ती कंपनी घेते.